तिमाहीचा शेवटचा आठवडा आणि बदललेलं एक वाक्य

एका कंपनीच्या विक्री विभागात तिमाहीचा शेवटचा आठवडा चालू आहे. उद्दिष्टाला चार टक्के विक्री कमी पडते आहे. नेहमीच्या एका वितरकाला पुढच्या महिन्यात माल लागणारच आहे. मॅनेजर त्याला फोन करून सांगतो, "माल आत्ताच उचला, पैसे नेहमीपेक्षा साठ दिवस उशिरा द्या, आणि नाही खपला तर परत घेऊ." परत घेण्याचं हे आश्वासन कुठल्याच कागदावर येत नाही. बिल याच तिमाहीत फाडलं जातं. मॅनेजरने केलं ते कितपत योग्य होतं? एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे पूर्णपणे योग्य.

अशा छोट्या गोष्टीला संशोधक व्हिन्येट म्हणतात. मी प्रसंगप्रश्न म्हणतो. व्यवस्थापक नैतिक पेचाकडे कसे बघतात याचा अभ्यास बऱ्याच अंशी अशाच आठ-दहा ओळींच्या गोष्टींवर उभा आहे. या पद्धतीवर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, कागदावरच्या गोष्टीला दिलेलं उत्तर आणि प्रत्यक्ष खुर्चीत बसून केलेली कृती यांचा काय संबंध? दुसरी बाजू, विशेषतः नियम पाळले जातात की नाही हे बघणारे कंपन्यांचे अनुपालन विभाग, याच प्रश्नांच्या उत्तरांवरून "आमचे इतके टक्के व्यवस्थापक नैतिक निर्णय घेतात" असं वार्षिक अहवालात छापतात. माझं म्हणणं असं की पहिली बाजू हत्यार फेकून देते आणि दुसरी ते उलट्या बाजूने धरते. माणूस किती सचोटीचा आहे हे प्रसंगप्रश्नाने कळत नाही. परिस्थितीतली कुठली गोष्ट हलली की माणसाचा निवाडा हलतो हे मात्र त्याने कळतं, आणि इतक्या स्वस्तात ते दुसऱ्या कशानेही कळत नाही.

वरची गोष्टच घेऊ. ती मी मुद्दाम निवडली, कारण हिशेबाच्या दृष्टीने तिच्यातला दोष नेमका एका ठिकाणी आहे. माल लवकर उचलायला लावणं, उधारी वाढवून देणं, सवलत देणं यात स्वतःहून बेकायदा काही नाही. व्यापारात हे रोज चालतं. खोट आहे ती फोनवरच्या आश्वासनात. परत येऊ शकणारा माल किती येईल याचा अंदाज धरून तेवढी विक्री हिशेबातून वगळावी लागते, आणि आश्वासन लेखा विभागाला ठाऊकच नसेल तर ती वगळली जाणार नाही. विक्रीतल्या माणसाला हे अर्धवट माहीत असतं, अर्धवट माहीत करून घ्यायचं नसतं. अशा अर्धवट जागीच प्रसंगप्रश्न कामाला येतो.

आता या गोष्टीत तीन जागा हलत्या ठेवायच्या. पहिली जागा कारणाची: एका रूपात मॅनेजरचा स्वतःचा बोनस अडकला आहे, दुसऱ्या रूपात उद्दिष्ट हुकलं तर विभागच बंद होण्याची शक्यता आहे. दुसरी जागा वरिष्ठांची: एका रूपात ते काहीच बोललेले नाहीत, दुसऱ्यात आठवड्याच्या बैठकीत म्हणाले आहेत, "कसंही करा, आकडा दिसला पाहिजे." तिसरी जागा रकमेची: तिमाहीच्या विक्रीच्या चार टक्के की पंधरा टक्के. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे एकाच गोष्टीची आठ रूपं झाली. बाकी प्रत्येक शब्द तोच. कुणाला कुठलं रूप मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि प्रत्येक जण एकच रूप वाचतो.

या जागा हवेतून येत नाहीत. थॉमस जोन्स यांनी 1991 मध्ये नैतिक तीव्रतेची कल्पना मांडली. प्रश्न किती टोचतो हे माणसाइतकंच प्रश्नाच्या घडणीवरही अवलंबून असतं, असा तिचा आशय. परिणाम किती मोठा, तो होण्याची शक्यता किती, लगेच होणार की कालांतराने, ज्याला झळ बसणार तो आपल्या किती जवळचा, अशा बाबी त्यांनी वेगळ्या काढल्या. गोष्टीचा सांगाडा एकच ठेवून तुकडे अदलाबदल करण्याची पद्धत समाजशास्त्रात पीटर रॉसी यांच्या नावाने ओळखली जाते. स्टीव्हन नॉक यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेलं तिच्यावरचं पुस्तक 1982 चं.

समजा, 160 व्यवस्थापक मिळाले. प्रत्येक रूपाच्या वाट्याला वीस. वीस म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण या मांडणीची गंमत अशी की वरिष्ठांच्या वाक्याचा परिणाम बघताना आपण वीस विरुद्ध वीस बघत नाही. ते वाक्य असलेल्या चारही रूपांचे मिळून 80 एका बाजूला आणि नसलेल्या चार रूपांचे 80 दुसऱ्या बाजूला. कारणासाठी तेच 160 जण वेगळ्या तऱ्हेने 80-80 असे विभागले जातात, रकमेसाठी आणखी वेगळ्या. एकाच माणसांवर तीन तुलना होतात.

समजा, वाक्य नसलेल्यांची सरासरी 2.9 आली आणि असलेल्यांची 3.8. (हे आकडे फक्त गणित दाखवण्यासाठी घेतले आहेत.) उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, 1.6 धरलं, तर 80-80 च्या दोन गटांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो निव्वळ नशिबाने किती इकडेतिकडे होऊ शकतो याचा अंदाज, साधारण 0.25 निघते. 0.9 चा फरक तिच्या साडेतीन पटींहून जास्त आहे, म्हणजे चिठ्ठ्यांच्या नशिबाने तो सहसा येणार नाही. तोच फरक 0.3 असता तर मी त्यावर एक ओळही लिहिली नसती. आणि "वरिष्ठांच्या वाक्याचा परिणाम बोनसच्या रूपात जास्त होतो की विभाग वाचवण्याच्या रूपात" असं विचारायचं असेल, तर गट 40-40 चे चार होतात आणि त्रुटी दुप्पट होऊन अर्ध्या गुणावर जाते. असे गुंतलेले निष्कर्ष छोट्या नमुन्यावरून छापलेले दिसले की मी पुढचं पान उलटतो.

आता खरा प्रश्न. 2.9 म्हणजे काय? हे व्यवस्थापक प्रामाणिक आहेत की नाहीत? याला उत्तर नाही. गोष्ट जराशी मऊ लिहिली असती तर हाच आकडा साडेचार झाला असता, कडक लिहिली असती तर दीड. आकडा गोष्टीच्या शब्दांना बांधलेला असतो. 0.9 च्या फरकाचं तसं नाही. शब्दांचा मऊपणा दोन्ही गटांना सारखाच मिळालेला असतो, चांगलं दिसण्याची हौसही दोन्हीकडे साधारण सारखी, म्हणून वजाबाकीत तिचा बराच भाग निघून जातो. तराजू दोन किलोने चुकत असला तरी त्याच तराजूवर दोन पोती मोजली तर कुठलं किती जड ते बरोबर कळतं, तसंच हे. एकट्या पोत्याचं वजन मात्र त्याच्यावर विश्वासून सांगू नये.

चांगलं दिसण्याची हौस किती असते याचा माझ्या आवडीचा पुरावा एका फुलाच्या पैशांतून आला आहे. निकोलस एप्ली आणि डेव्हिड डनिंग यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, येऊ घातलेल्या धर्मादाय विक्रीत तुम्ही निदान एक फूल तरी घ्याल का? 83 टक्के म्हणाले, घेऊ. बाकीच्यांपैकी किती जण घेतील? सरासरी अंदाज 56 टक्के. विक्री झाली तेव्हा प्रत्यक्ष घेतलं 43 टक्क्यांनी. स्वतःबद्दलचा अंदाज दुपटीच्या जवळ फुगलेला, इतरांबद्दलचा वास्तवाच्या बराच जवळ. फूल न घेतल्याने कुणाचं काही बिघडत नाही, तिथे ही गत. नोकरी आणि बोनस पणाला लागलेले असताना "तुम्ही काय कराल" या प्रश्नाच्या उत्तराचं काय मोल करायचं?

म्हणून गोष्टीतला मॅनेजर तिऱ्हाईत असतो. ही युक्ती जुनी आहे. रेमंड बॉमहार्ट यांनी 1961 च्या व्यवसायनीतीवरच्या त्यांच्या गाजलेल्या सर्वेक्षणात काही जणांना स्वतःचं मत विचारलं होतं आणि काहींना "सरासरी अधिकाऱ्याला काय वाटेल" असं. इतरांच्या नावावर टाकलेली उत्तरं जास्त सैल होती. मी गोष्टीनंतर तीन प्रश्न ठेवतो: हे कितपत योग्य, तुम्ही त्या जागी असता तर असंच करण्याची शक्यता किती, आणि तुमच्या पदावरच्या दहा जणांपैकी किती जणांनी असं केलं असतं. हे तीन वेगळे ठेवायला कारण आहे. जेम्स रेस्ट यांनी 1986 मध्ये नैतिक वागण्याचे चार टप्पे सांगितले: इथे काही नैतिक प्रश्न आहे हे जाणवणं, काय योग्य ते ठरवणं, तसं करायचं मनात धरणं, आणि शेवटपर्यंत निभावणं. पहिला प्रश्न दुसऱ्या टप्प्यावर बोट ठेवतो, दुसरा तिसऱ्यावर. पहिला आणि चौथा टप्पा प्रसंगप्रश्नाच्या हाती फारसा लागत नाही. पहिला तर गोष्टच बिघडवते: "हे योग्य आहे का" असं विचारलं की इथे काहीतरी काळंबेरं आहे हे आपणच सांगून टाकलं. ऑफिसात तसं कुणी सांगायला येत नाही. तिथे समोर एक फोन असतो, एक बिल असतं आणि संध्याकाळची गाडी गाठायची घाई असते.

लिहिण्यातल्या चुकांवर थोडं थांबतो, कारण अशा अभ्यासांची बहुतेक वाट गोष्ट लिहितानाच लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात "मॅनेजरने खोटी विक्री दाखवली" असं वाक्य होतं. चाचणीसाठी वीस जणांना दिलं. एक सोडून सगळ्यांनी एक किंवा दोन गुण दिले. मी खूश झालो की लोक किती सरळ आहेत! एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "निकाल तूच लिहून दिलास, त्यांनी खाली सही केली." 'खोटी' हा शब्द गेला, फोनवरचं संभाषण जसंच्या तसं आलं, आणि उत्तरं एकपासून सहापर्यंत पसरली. सगळी उत्तरं एका टोकाला चिकटली की तिथे काही मोजलंच जात नाही. तुकडा बदलला तरी आकडा हलायला जागाच उरत नाही. हे ओळखायला संगणक लागत नाही, वीस कागद टेबलावर पसरले की दिसतं.

दुसरी चूक जास्त लबाड असते. वाचणारा गाळलेल्या जागा आपल्या अनुभवाने भरतो. त्याच चाचणीत मी काही जणांना कागद बाजूला ठेवून गोष्ट तोंडी सांगायला लावली. वितरणात बरीच वर्षं काढलेले एक गृहस्थ म्हणाले, "माल परत घ्यायचं ठरलं, तसा मेल गेला, मग बिल झालं." मेल गोष्टीत कुठेच नव्हता. त्यांच्या अनुभवात आश्वासन लेखीच असतं, म्हणून त्यांनी ते मनातच लेखी करून टाकलं आणि पाच गुण दिले. त्यांचा नैतिक निवाडा सैल नव्हता, त्यांनी वेगळीच गोष्ट वाचली होती. यानंतर "हे आश्वासन कुठल्याच कागदावर येत नाही" हे वाक्य आलं. आता प्रत्येक अभ्यासात शेवटी दोन साधे प्रश्न असतात: आश्वासन लेखी होतं का, आणि वरिष्ठ काही बोलले होते का. त्यांची उत्तरं चुकली तर तुकडा वाचणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही असं समजायचं.

आणि एक भानगड खास मराठीत लिहिणाऱ्यांची. इंग्रजीतली प्रश्नावली आणून तिचं भाषांतर करणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. इंग्रजीत मॅनेजरचं लिंग न सांगता पानभर लिहिता येतं. आपल्याकडे "मॅनेजर घरी गेला" म्हटलं की तो पुरुष झाला. "मॅनेजरने फोन केला" यात मात्र क्रियापद फोनच्या मागे जातं आणि लिंग झाकलेलं राहतं. म्हणजे अर्धी गोष्ट लिंगनिरपेक्ष आणि एका वाक्यात अचानक 'तो' उगवतो, आणि आपण न ठरवलेली चौथी हलती जागा तयार होते. सुरुवातीच्या गोष्टीत मी "मॅनेजर त्याला फोन करून सांगतो" असं लिहिलंच आहे, बघा. त्याहून अवघड प्रकरण आदरार्थाचं. "त्याने वितरकाला सांगितलं" आणि "त्यांनी वितरकाला सांगितलं" यांत कृती एकच, पण दुसऱ्या वाक्यातला माणूस वयाने, मानाने मोठा आहे, आणि मोठ्यांना आपण कमी गुण द्यायला बिचकतो. वरिष्ठ 'ते' आणि मॅनेजर 'तो' असं लिहिलं तर वरिष्ठांच्या शब्दाचं वजन व्याकरणानेच वाढवून ठेवलं. एकच रूप ठरवून आठही गोष्टींत तेच ठेवणं एवढाच उपाय आहे. पूर्ण तटस्थ मराठी वाक्य मला अजून साधलेलं नाही.

पहिल्या बाजूचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. कागदावर जे हलतं तेच प्रत्यक्षातही हलतं कशावरून? या शंकेला मोठा इतिहास आहे. रिचर्ड लापिएर यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला होता. 251 हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एकीने त्यांना नाकारलं. नंतर पत्राने विचारलं तेव्हा उत्तर देणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असं कळवलं. म्हणजे कागद आणि काउंटर यांचं जमलंच नाही. त्या पत्रातला प्रश्न मात्र बघा: "तुम्ही चिनी लोकांना पाहुणे म्हणून घ्याल का?" त्यात प्रसंग नाही, माणूस नाही, परिस्थिती नाही. आणि मोजली गेली ती पातळी, फरक नव्हे.

दुसऱ्या बाजूला 2015 चा स्विस अभ्यास आहे. स्वित्झर्लंडच्या काही नगरपालिकांत परदेशी रहिवाशांना नागरिकत्व द्यायचं की नाही हे मतपेटीतून ठरत असे. येन्स हाइनम्युलर, डॉमिनिक हँगार्टनर आणि तेप्पेई यामामोतो यांनी काल्पनिक अर्जदारांची वर्णनं लोकांपुढे ठेवली आणि मूळ देश, शिक्षण, भाषा अशा प्रत्येक गोष्टीचं वजन खऱ्या मतदानातल्या वजनाशी ताडून पाहिलं. ते बऱ्यापैकी जुळलं, आणि दोन अर्जदार शेजारी शेजारी दाखवण्याच्या रचनेत सर्वांत छान. तिथेही जुळलं ते कुठल्या गोष्टीचं वजन किती हे. व्यवस्थापकांवर असा पडताळा क्वचितच होतो, कारण त्यांचं मतदान कुठल्या पेटीत पडत नाही. खोटी बिलं फाडणारा कुणाला मोजायला देत नाही. नागरिकत्वावरून बिलांवर उडी मारणं धाडसाचं आहे हे मान्य. तरी वजनं जुळू शकतात एवढं तरी त्याने दाखवलं.

यातून माझा विरोध कशाला आहे ते सांगतो. दरवर्षी सक्तीचं नैतिकतेचं प्रशिक्षण होतं, शेवटी चार प्रसंग येतात, प्रत्येकाला एक 'बरोबर' उत्तर असतं, नाव टाकून ते द्यायचं असतं, आणि उत्तीर्णांचं प्रमाण संचालक मंडळापुढे जातं. यात प्रसंगप्रश्नाची प्रत्येक ताकद काढून टाकली आहे. सगळ्यांना एकच रूप, म्हणजे तुलना नाही. नाव आहे, म्हणजे चांगलं दिसण्याची हौस पूर्ण जोरात. उत्तर ठरलेलं, म्हणजे कंपनीला काय ऐकायचं आहे हे कुणाला कळलं एवढंच मोजलं गेलं. बढतीसाठी असले प्रश्न वापरणं याहून वाईट. फोनवर आश्वासन देणारा माणूस कागदावर ते देऊ नये हे सर्वांत चांगलं जाणतो, आणि तो परीक्षेत पहिला येईल.

त्याऐवजी प्रशिक्षणाला बसणारे तेच लोक, तोच वेळ घ्या. नाव नको. उत्तरं कंपनीबाहेरच्या कुणीतरी गोळा करावीत आणि वीसपेक्षा लहान गटाचा आकडा कुणालाही दाखवू नये, नाहीतर कुठल्या विभागाने काय लिहिलं हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळतं. प्रसंग त्याच व्यवसायातल्या लोकांशी बोलून लिहावेत. मरणाच्या दारातल्या बायकोसाठी औषधाचं दुकान फोडणाऱ्या नवऱ्याचा जुना पेच तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक आहे, विक्री विभागात तो कोडं म्हणून सोडवला जातो. एका माणसाला एकच रूप द्यावं. आठही रूपं एकाला दिली तर तिसऱ्या गोष्टीपर्यंत त्याला कळतं की फक्त वरिष्ठांचं वाक्य बदलतंय, आणि मग तो सुसंगत दिसण्यासाठी उत्तरं देऊ लागतो. माणसं कमी असतील तर दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी द्याव्यात आणि हिशेब करताना एकाच माणसाची उत्तरं एकमेकांशी जोडलेली असतात हे लक्षात ठेवावं. ती सुटी सुटी मोजली की त्रुटी असते त्याहून लहान दिसते आणि नसलेले फरक सापडू लागतात.

अहवालात सरासरी छापूच नये. फक्त फरक छापावेत, त्यांच्या त्रुटीसकट. आणि वरिष्ठांच्या त्या एका वाक्याने निवाडा जवळजवळ एक गुणाने सैल झाला असं दिसलं, तर ज्यांनी तो गुण दिला त्या व्यवस्थापकांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवण्यात अर्थ नाही. आठवड्याच्या बैठकीत ते वाक्य कोण बोलतं, हे त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना आधीच माहीत असतं.